घराचा कार्बन फूटप्रिंट कसा काढायचा: शाळा-कॉलेजच्या पर्यावरण प्रकल्पासाठी पूर्ण हिशोब, तक्ता आणि कपातीचे उपाय

पर्यावरण प्रकल्पासाठी "आमच्या घराचा कार्बन फूटप्रिंट", म्हणजे वर्षभरात घरामुळे हवेत किती कार्बन डायऑक्साइड जातो, हा विषय बरीच मुलं घेतात आणि बहुतेक वह्यांमध्ये एकच प्रकार असतो, कुठल्यातरी वेबसाइटच्या कॅल्क्युलेटरमध्ये चार आकडे टाकलेले, त्यातून एक उत्तर आलेलं, आणि खाली झाडे लावा, वीज वाचवा, सायकल वापरा. तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं की हा आकडा आला कुठून, तर सांगता येत नाही, कारण हिशोब वेबसाइटने केलेला असतो. खरं तर हा हिशोब पाचवी-सहावीच्या गुणाकाराचा आहे आणि लागणारे सगळे कागद घरातच असतात. कपातीचे उपाय पण त्याच तक्त्यात मोजून लिहायचे, न मोजता लिहिलेले काही उपाय चक्क उलटे पडतात, ते पुढे आकड्यांसकट दाखवतो.

समजायला सोपं जावं म्हणून एक नमुना घर धरू. सांगलीतलं फ्लॅटमधलं घर, माणसं पाच: आजी, आई, बाबा, अकरावीतला मुलगा आणि शाळेत जाणारी मुलगी. आईची स्कूटर, बाबांची मोटरसायकल, चारचाकी नाही, एसी नाही. सोळा फ्लॅटची सोसायटी. तुमचं घर वेगळं असेल, पद्धत तीच राहील.

आधी ठरवा काय मोजणार आणि काय नाही

वहीच्या पहिल्या पानावर हद्द लिहा. मी सुचवेन की पाच गोष्टी घ्या: घरातली वीज, सोसायटीच्या कॉमन विजेतला आपला वाटा, स्वयंपाकाचा गॅस, प्रवास, आणि ओला कचरा. खाणंपिणं, कपडे, मोबाईल, घराचं सिमेंट हे यात घेऊ नका. ते महत्त्वाचं नाही असं नाही, पण ते घरात मोजता येत नाही, तांदळाच्या पोत्यामागे किती मिथेन सुटला हे तुम्हाला दुसऱ्या कुणाच्या आकड्यावरूनच घ्यावं लागेल. "हे धरलेलं नाही" असं स्पष्ट लिहिलंत की त्यावरून कुणी मार्क कापत नाही, उलट तुम्हाला मर्यादा कळली आहे हे दिसतं.

दुसरं म्हणजे काळ. एका महिन्याचं बिल घेऊन बाराने गुणायचं नाही. एप्रिल-मे मध्ये पंखे दिवसरात्र चालतात, डिसेंबरमध्ये गिझर चालतो, जुलैच्या बिलावरून वर्ष काढलंत तर दोन्ही चुकतं. सलग बारा महिने घ्या, उदाहरणार्थ एप्रिल ते मार्च, आणि वीज, गॅस, पेट्रोल सगळ्याला तेच बारा महिने लावा.

सूत्र एकच आहे

किती वापरलं गुणिले एका एककामागे किती किलो कार्बन डायऑक्साइड. या दुसऱ्या आकड्याला उत्सर्जन गुणांक म्हणतात. आपल्याला लागणारे गुणांक असे:

वीज, एका युनिटमागे ०.७२ किलो. केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी देशाच्या ग्रिडचा सरासरी आकडा जाहीर करतं, अलीकडच्या वर्षांत तो ०.७१ ते ०.७३ च्या मधे आहे. नेटवर शोधलंत तर ०.८२ सुद्धा सापडेल, तो जुना आहे, तेव्हा ग्रिडमध्ये सोलर आणि पवनऊर्जा आजच्यापेक्षा कमी होती. दोन मित्रांच्या प्रकल्पात सारखीच युनिटं असून उत्तर वेगळं येतं ते बऱ्याचदा यामुळेच. कुठल्या वर्षाचा गुणांक घेतला ते तक्त्याखाली लिहा.

एलपीजी, एका किलोमागे २.९८ किलो. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो, म्हणजे एका सिलिंडरमागे साधारण ४२ किलो. पाइपचा गॅस असेल तर एका घनमीटरमागे सुमारे २ किलो धरा.

पेट्रोल लिटरमागे २.३ किलो, डिझेल २.६८ किलो, सीएनजी किलोमागे २.७ किलो.

इथे एक प्रश्न हमखास येतो, की एक लिटर पेट्रोलचं वजनच पाऊण किलोच्या आत, मग त्यातून सव्वादोन किलो धूर निघतो कसा? उत्तर रसायनशास्त्राचं आहे आणि ते वहीत एका परिच्छेदात जरूर लिहा. पेट्रोल जळताना त्यातला कार्बन हवेतला ऑक्सिजन घेतो. कार्बनचं अणुभार १२, दोन ऑक्सिजन मिळून ३२, म्हणजे १२ ग्रॅम कार्बनपासून ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. एक लिटर पेट्रोल साधारण ७४० ग्रॅम, त्यात कार्बन साधारण ६४० ग्रॅम, त्याला ४४ भागिले १२ ने गुणलं की २.३ किलोच्या आसपास येतं. जास्तीचं वजन हवेतून आलेलं असतं. हे समजलं की गुणांक पाठ करायची गरज राहत नाही.

वीज: बिलातली कुठली जागा बघायची

महावितरणच्या बिलावर चालू रीडिंग, मागील रीडिंग आणि युनिट असे रकाने असतात. आपल्याला रुपये नकोत, युनिट हवीत. रुपयांवरून हिशोब करायला जाऊ नका, कारण त्यात स्थिर आकार, वहन आकार, कर सगळं मिसळलेलं असतं आणि शंभर युनिटच्या वर दर पण बदलतो. जुनी बिलं सापडत नसतील तर ताज्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो, किंवा ग्राहक क्रमांक टाकून ॲपवर जुनी बिलं दिसतात.

एक गोष्ट नीट तपासा. एखाद्या महिन्यात रीडिंग घेणाऱ्याला मीटरपर्यंत जाता आलं नसेल तर बिल सरासरीने येतं, रीडिंगच्या जागी आकड्याऐवजी शेरा असतो किंवा चालू आणि मागील रीडिंग सारखंच दिसतं तरी युनिट लावलेली असतात. मग पुढच्या खऱ्या रीडिंगला ती वजा होतात. बारा बिलांची युनिट नुसती जोडली तर यात घोळ होऊ शकतो, म्हणून सोपा ताळा करा: वर्षाच्या शेवटच्या बिलाचं चालू रीडिंग वजा पहिल्या बिलाचं मागील रीडिंग. मधे मीटर बदललेला नसेल तर हा फरक म्हणजेच वर्षाचा खरा वापर.

आपल्या नमुना घराचं रीडिंग ८,४१२ वरून १०,०९२ वर गेलं, म्हणजे १,६८० युनिट. गुणिले ०.७२ केलं की १,२१० किलो.

फ्लॅटमध्ये राहणारे कॉमन मीटर हमखास विसरतात. पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे, लिफ्ट हे सगळं त्या मीटरवर असतं. सेक्रेटरी काकांकडे कॉमन मीटरची वर्षाची युनिट मागा, प्रकल्पासाठी म्हटल्यावर देतात. इथे ४,८०० युनिट भागिले १६ घरं, एका घराचा वाटा ३०० युनिट, म्हणजे २१६ किलो. बंगल्यात किंवा गावी राहत असाल तर पंप बहुतेक तुमच्याच मीटरवर असेल, मग हा रकाना सोडा.

छतावर सोलर असेल आणि नेट मीटर असेल तर बिलावर आत घेतलेली आणि बाहेर दिलेली युनिट वेगळी छापलेली असतात. आत घेतलेल्यातून बाहेर दिलेली वजा करून घ्या आणि तसं लिहा.

गॅस, पेट्रोल आणि एसटी

गॅससाठी बुकिंगचे एसएमएस किंवा गॅसचं कार्ड बघा. पण वर्षात किती सिलिंडर आले यापेक्षा एक सिलिंडर किती दिवस पुरला हे जास्त भरवशाचं, कारण मार्चच्या शेवटी आलेला सिलिंडर पुढच्या वर्षात जळतो. सिलिंडर लावला त्या दिवशी कॅलेंडरवर खूण करायची सवय बऱ्याच घरात असते, ते कॅलेंडर हाच तुमचा पुरावा, त्याचा फोटो वहीत लावा. नमुना घरात सरासरी साडेचाळीस दिवस, म्हणजे वर्षाला ९ सिलिंडर, १२७.८ किलो गॅस, गुणिले २.९८, उत्तर ३८१ किलो. चुलीवर किंवा बंबात लाकूड जळत असेल तर त्याची नोंद वेगळी ठेवा, एकूण बेरजेत घालू नका, कारण लाकडातला कार्बन झाडाने हवेतूनच घेतलेला असतो आणि त्याची मोजणी वेगळ्या नियमाने होते. चुलीच्या धुराने घरातल्या बाईच्या फुफ्फुसाचं काय होतं तो विषय स्वतंत्र आहे आणि गंभीर आहे, त्यावर एक परिच्छेद जरूर लिहा.

पेट्रोल दोन पद्धतींनी काढा आणि दोन्ही जुळतायत का बघा. पहिली पद्धत पैशांची: स्कूटर आणि मोटरसायकल मिळून महिन्याला सरासरी २,३०० रुपये, वर्षाचे २७,६००, भाव १०४ रुपये धरला तर २६५ लिटर. दुसरी किलोमीटरची: स्कूटर वर्षात ६,००० किलोमीटर चालली आणि ४५ चं ॲव्हरेज देते, १३३ लिटर. मोटरसायकल ७,२०० किलोमीटर, ५५ चं ॲव्हरेज, १३१ लिटर. बेरीज २६४. एका लिटरचा फरक म्हणजे उत्तम जुळलं. फरक खूप जास्त आला तर बहुतेक ॲव्हरेज कंपनीने सांगितलेलं घेतलेलं असतं, गावातल्या रस्त्यावर आणि सिग्नलला तेवढं मिळत नाही. टाकी फुल करा, किलोमीटर लिहा, परत फुल करताना किती लिटर बसलं ते बघा, खरं ॲव्हरेज कळतं. २६५ गुणिले २.३ म्हणजे ६१० किलो.

बसचा गुणांक आपण स्वतः काढू शकतो. एसटीची साधी गाडी एका लिटर डिझेलमध्ये साधारण साडेचार किलोमीटर जाते. २.६८ भागिले ४.५ म्हणजे गाडीचे किलोमीटरला ६०० ग्रॅम. गाडीत चाळीस जण असतील तर माणशी १५ ग्रॅम. गाडी अर्धी रिकामी असेल तर तीस ग्रॅम, हा फरक तुमच्या मार्गावर मोजून लिहिलात तर छानच, रोज जाता तेव्हा आठवडाभर डोकी मोजायची. नमुना घरातला मुलगा रोज जाऊन-येऊन २८ किलोमीटर एसटीने जातो, २०० दिवस, ५,६०० किलोमीटर. शिवाय पाच जण वर्षातून दोनदा पुण्याला जाऊन येतात, २३० किलोमीटर एका बाजूने, म्हणजे ४,६०० प्रवासी-किलोमीटर. एकूण १०,२०० गुणिले ०.०१५, उत्तर १५३ किलो.

हे जरा थांबून बघा: १०,२०० किलोमीटरला १५३ किलो, आणि दोन दुचाक्यांच्या १३,२०० किलोमीटरला ६१० किलो. तोंडी परीक्षेत सार्वजनिक वाहतुकीवर प्रश्न आला तर निबंधातलं वाक्य बोलायची गरज नाही, हे दोन आकडे सांगा.

ओला कचरा

हा मुलं जवळजवळ नेहमी सोडून देतात. कचरा डेपोत ढिगाखाली दबलेल्या ओल्या कचऱ्याला हवा मिळत नाही, मग तो कुजताना मिथेन सुटतो, आणि शंभर वर्षांचा हिशोब धरला तर मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या २७-२८ पट उष्णता धरतो. भाजीच्या देठांचा कार्बन मुळात हवेतलाच असतो, तो खत होताना कार्बन डायऑक्साइड होऊन परत गेला तर तक्त्यात मोजत नाहीत, पण तोच मिथेन होऊन गेला तर मोजावा लागतो.

वजनाचा काटा घरात नसेल तर रद्दीवाल्याकडचा किंवा वाण्याकडचा चालतो. सात दिवस रोज ओल्या कचऱ्याची बादली वजन करा, रिकाम्या बादलीचं वजन वजा करायला विसरू नका. मधे सण किंवा आंब्याचा सीझन असेल तर आठवडा बदला, नाहीतर साली-कोयींनी आकडा फुगतो. नमुना घरात आठवड्याला ८.४ किलो, रोजचा १.२ किलो, वर्षाचा ४३८ किलो. डेपोत जाणाऱ्या किलोमागे मी ०.६ धरतो, म्हणजे २६३ किलो. तक्त्यातला हा सगळ्यात कच्चा आकडा आहे, कारण ढीग किती खोल, किती ओला, यावर मिथेन ठरतो, म्हणून याच्यापुढे "अंदाज" असं लिहाच.

तक्ता

| बाब | वर्षाचा वापर | गुणांक (किलो) | उत्सर्जन (किलो) | वाटा | पुरावा |
|---|---|---|---|---|---|
| घरातली वीज | १,६८० युनिट | ०.७२ | १,२१० | ४३% | वीजबिल |
| सोसायटीची वीज, आपला वाटा | ३०० युनिट | ०.७२ | २१६ | ८% | कॉमन बिल |
| एलपीजी | १२७.८ किलो | २.९८ | ३८१ | १३% | गॅस कार्ड, कॅलेंडर |
| दुचाकी पेट्रोल | २६५ लिटर | २.३ | ६१० | २२% | खर्च, किलोमीटर |
| एसटी प्रवास | १०,२०० प्रवासी-किमी | ०.०१५ | १५३ | ५% | पास, तिकिटं |
| ओला कचरा (अंदाज) | ४३८ किलो | ०.६ | २६३ | ९% | वजनाची नोंद |
| एकूण | | | २,८३३ | १००% | |

माणशी २,८३३ भागिले ५, म्हणजे सुमारे ५६७ किलो. "पुरावा" हा रकाना मुद्दाम ठेवलाय, तपासणाऱ्याला सगळ्यात आधी तोच दिसतो.

कॉम्प्युटरवर करणार असाल तर वापर C रकान्यात, गुणांक D मध्ये, उत्सर्जन E मध्ये ठेवा, आणि दुसऱ्या ओळीपासून सुरुवात करा. पहिलं सूत्र E2 मध्ये आणि खाली ओढायचं, दुसरं E8 मध्ये, तिसरं F2 मध्ये आणि खाली ओढायचं:

```
=C2*D2
=SUM(E2:E7)
=E2/E$8*100
```

तिसऱ्या सूत्रातलं डॉलरचं चिन्ह सोडू नका, नाहीतर खाली ओढताना एकूणचा सेल सरकतो आणि टक्के चुकतात. सेलमध्ये "१६८० युनिट" असं शब्दासकट लिहिलंत तरी गुणाकार होणार नाही, तिथे नुसता आकडा लिहा, तोही इंग्रजी अंकात, आणि युनिट हा शब्द शेजारच्या B रकान्यात.

भारताचा माणशी आकडा वर्षाला साधारण दोन टन सांगतात, मग आपला अर्ध्या टनाच्या थोडाच वर कसा, असं विचारतील. कारण देशाच्या आकड्यात पोलाद, सिमेंट, कारखाने, मालवाहतूक सगळं येतं आणि आपण फक्त घराच्या दारातून आत-बाहेर जाणारं मोजलं. त्यामुळे "आमचं घर देशाच्या सरासरीपेक्षा चांगलं" असा निष्कर्ष काढू नका, तो चुकीचा होईल. तुलना करायचीच तर वर्गातल्या दुसऱ्या घराशी करा ज्याने हीच हद्द धरली आहे.

विजेची फोड: मीटरवरचा लाल दिवा मोजा

वीज ४३ टक्के आली की पुढचा प्रश्न ती जाते कुठे. इथे प्रकल्पातला खरा प्रयोग आहे. मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकतो आणि त्याच्या शेजारी `3200 imp/kWh` असं काहीतरी छापलेलं असतं (तुमच्याकडे आकडा वेगळा असू शकतो, तो वाचून घ्या). याचा अर्थ ३,२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. घरच्यांना विचारून पाच मिनिटं सगळं बंद करा, फ्रिजसकट, वायफायसकट. दिवा लुकलुकायचा थांबला पाहिजे. थांबत नसेल तर कुठेतरी काहीतरी चालू आहे, ते आधी शोधा. मग फक्त हॉलचा पंखा फुल स्पीडला लावा आणि स्टॉपवॉच घेऊन दहा लुकलुक मोजा.

समजा दहा व्हायला १५० सेकंद लागले. दहा लुकलुक म्हणजे १,००० वॅट-तास भागिले ३,२०० गुणिले १०, म्हणजे ३.१२५ वॅट-तास. एका तासात १५० सेकंद २४ वेळा येतात, म्हणून ३.१२५ गुणिले २४, पंखा ७५ वॅटचा निघाला. पंख्यावरचं स्टिकर केव्हाच पुसलेलं असतं पण मीटर सांगतो.

गिझरला ही युक्ती जमत नाही, दिवा इतका भरभर लुकलुकतो की मोजता येत नाही. त्यासाठी गिझर लावायच्या आधी आणि सगळ्यांच्या आंघोळी झाल्यावर मीटरचं रीडिंग घ्या, फरकातून मधे चालू असलेले दिवे-पंखे अंदाजाने वजा करा. फ्रिज मधेमधे आपोआप बंद होतो म्हणून पाच मिनिटाचा प्रयोग त्याच्यावर फसतो, त्यासाठी दारावरचं स्टार लेबल बघा, त्यावर वर्षाची युनिट छापलेली असतात. दहा वर्षं जुन्या फ्रिजला लेबलपेक्षा जास्त लागते, हे गृहीत धरा.

नमुना घरात फोड अशी आली: पंखे ५४०, गिझर ४८० (दिवसाला दोन युनिट, आठ महिने), फ्रिज २६०, टीव्ही ११७, एलईडी दिवे ८२, आणि इस्त्री, मिक्सर, वॉशिंग मशीन, चार्जर मिळून उरलेली २०१. दिवे सगळ्यात शेवटी आहेत बघा. "गरज नसताना दिवे बंद करा" हा उपाय प्रत्येक वहीत पहिला असतो आणि या घरात सगळे दिवे वर्षभर बंद ठेवले तरी फक्त ५९ किलो वाचतात. पंख्याचं तसं नाही.

उपाय मोजून लिहा

सगळ्यात जास्त चालणारे दोन पंखे, हॉलचा आणि बेडरूमचा, मिळून दिवसाला अठरा तास, वर्षातले ३०० दिवस. त्या जागी कमी वीज लागणाऱ्या ब्रशलेस मोटरचे, म्हणजे बीएलडीसी पंखे लावले तर ते साधारण ३० वॅट घेतात, ४५ वॅट वाचतात. ४५ गुणिले १८ गुणिले ३०० भागिले १,०००, म्हणजे २४३ युनिट, १७५ किलो. पंखा साधारण तीन हजाराला मिळतो, तुमच्या बिलातल्या वरच्या स्लॅबच्या दराने गुणून पैसे किती वर्षांत सुटतात ते काढा, आई-बाबांना पटवायला तोच आकडा कामाला येतो.

ओल्या कचऱ्याचं खत घरीच केलं तर २६३ पैकी मी ८० टक्केच कपात धरेन, २१० किलो, कारण खतातूनही थोडा वायू सुटतो. बादलीला खाली आणि बाजूला भोकं, प्रत्येक थरावर सुका पाला किंवा कोकोपीट, आठवड्यातून एकदा हलवणं. कुजकट वास यायला लागला म्हणजे आत हवा पोचत नाहीये आणि डेपोत जे होतं तेच तुमच्या बाल्कनीत होतंय, लगेच सुका पाला वाढवा.

बाबा आठवड्यातून दोन दिवस ऑफिसला बसने गेले, जाऊन-येऊन २२ किलोमीटर, ४८ आठवडे, तर मोटरसायकलचे २,११२ किलोमीटर वाचले, ३८.४ लिटर, ८८ किलो. पण ८८ लिहून थांबू नका. तेवढेच किलोमीटर बसने झाले, त्याचे ३२ किलो परत वाढले. निव्वळ कपात ५६. ही वजाबाकी विसरणं ही उपायांच्या पानावरची सगळ्यात नेहमीची चूक आहे.

डाळ-कडधान्य भिजवून कुकरला लावणं, भांड्यावर झाकण, उकळी आली की गॅस बारीक करणं, यातून सिलिंडर ४० ऐवजी ४५ दिवस पुरला तर वर्षाला एक सिलिंडर वाचतो, ४२ किलो. सोसायटीच्या टाकीला चांगला फ्लोट बसवून ओव्हरफ्लो थांबवला आणि जिन्यात सेन्सरचे दिवे लावले आणि कॉमन वीज २० टक्के घटली, तर तुमच्या वाट्याला ४३ किलो, पण सोळा घरांचे मिळून जवळजवळ ७०० किलो, म्हणून हा उपाय मला फार आवडतो, एक अर्ज लिहिला की होतो.

| उपाय | कपात (किलो/वर्ष) | खर्च | कधी करता येईल |
|---|---|---|---|
| दोन बीएलडीसी पंखे | १७५ | सुमारे ६,००० रुपये | या वर्षी |
| ओल्या कचऱ्याचं खत | २१० | बादली, कोकोपीट | लगेच |
| दोन दिवस बसने ऑफिस | ५६ | बसभाडं, पण पेट्रोल वाचतं | लगेच |
| स्वयंपाकात एक सिलिंडर कमी | ४२ | काही नाही | लगेच |
| सोसायटीत फ्लोट, सेन्सर | ४३ | सोसायटीचा खर्च | मीटिंगनंतर |
| एकूण | ५२६ | | |

२,८३३ पैकी ५२६ म्हणजे जवळजवळ १९ टक्के, एसी नसलेल्या साध्या घरात सुद्धा.

जे उपाय आंधळेपणाने लिहू नयेत

"गॅस सोडून इंडक्शन वापरा." मोजून बघू. एक किलो एलपीजीमध्ये साधारण ४७ मेगाज्यूल उष्णता, शेगडीवर त्यातली ६० टक्के भांड्यापर्यंत पोचते, म्हणजे २८. तेवढीच उष्णता इंडक्शनवर, ८५ टक्के कार्यक्षमता धरून, द्यायला ३३ मेगाज्यूल लागतात, म्हणजे सव्वानऊ युनिट. गुणिले ०.७२, साडेसहा किलोच्या वर. गॅसवर तेच काम तीन किलोत होतं. कारण आपली बरीचशी वीज अजून कोळशाची आहे. छतावर सोलर असेल आणि दुपारी स्वयंपाक होत असेल तर चित्र बदलतं.

इलेक्ट्रिक स्कूटरचं याच्या उलट निघतं. शंभर किलोमीटरला चार्जिंगसकट तीन युनिट धरली तर २.२ किलो, पेट्रोल स्कूटरचे ४५ च्या ॲव्हरेजने ५.१ किलो. कोळशाच्या विजेवर सुद्धा निम्म्याहून कमी, कारण पेट्रोलच्या इंजिनात बरीचशी उष्णता नुसती वाया जाते. फक्त लक्षात ठेवा, चार्जिंग घरी होत असेल तर ती युनिट वीजबिलात आधीच आलेली आहेत, प्रवासात परत लिहिली तर दोनदा मोजली जातील.

"दहा झाडे लावू." मोठं वाढलेलं झाड वर्षाला वीसेक किलो कार्बन डायऑक्साइड धरतं असा ढोबळ आकडा सगळीकडे वापरतात. रोप लावल्यावर पहिली काही वर्षं तो त्याच्या जवळपास पण नसतो, आणि उन्हाळ्यात पाणी मिळालं नाही तर शून्य. झाडं जरूर लावा, सावलीसाठी, पक्ष्यांसाठी, पण २,८३३ मधून २०० वजा करून टाकू नका.

आणि ज्यांच्याकडे एसी आहे त्यांनी एक प्रश्न घरी विचारा, यंदा गॅस भरला का? एसीतला आर-३२ हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या ६७५ पट उष्णता धरतो, ७०० ग्रॅम गळून परत भरावा लागला तर ते एकटेच ४७० किलोच्या वर जातं, नमुना घराच्या पूर्ण वर्षाच्या स्वयंपाकापेक्षा जास्त. बिलात याचा पत्ताही लागत नाही, सर्व्हिसच्या पावतीवर असतो, तो वेगळा रकाना करून लिहा आणि कुठला वायू आहे ते एसीच्या बाहेरच्या युनिटवरच्या पट्टीवर वाचा.

वही लावताना

क्रम असा ठेवा: हद्द आणि काळ, गुणांक आणि ते कुठल्या वर्षाचे, मुख्य तक्ता, लाल दिव्याचा प्रयोग, उपायांचा तक्ता, मर्यादा. मर्यादेत तीन गोष्टी पुरेत: कचऱ्याचा आकडा अंदाज आहे, ०.७२ हा वीजकेंद्रावरचा आकडा आहे, तारांमधली गळती धरली तर घरात पोचलेल्या युनिटमागे तो वाढेल. आणि अन्न-वस्तू धरलेल्या नाहीत. बिलांच्या झेरॉक्स लावताना ग्राहक क्रमांक, मोबाईल नंबर आणि पत्ता पेनाने झाका, वही शाळेत बऱ्याच हातांतून जाते.

वेळ असेल तर उपायांपैकी एक खरंच करून महिनाभराचं आधीचं आणि नंतरचं मोजा. खतासाठी बादलीचं वजन सगळ्यात सोपं. पंख्याचा बदल बिलावर पाहणार असाल तर मे ची तुलना जूनशी करू नका, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा, किंवा सरळ नवा पंखा लावून परत दहा लुकलुक मोजा, १५० सेकंदांच्या जागी ३७५ च्या आसपास लागले म्हणजे तीस वॅटचा दावा खरा आहे.